पन्हळी पत्र्याचं छप्पर आणि स्क्रूखालचं रबर

पत्र्याचं छप्पर गळायला लागलं की आधी संशय पत्र्यावर जातो. आमच्या आडगाव शिवारातल्या शेडचंही तसंच झालं होतं. खताच्या गोण्या, ठिबकचं साहित्य आणि द्राक्षाची खोकी ठेवायची ती जागा. पावसाळ्यात गोण्यांवर ताडपत्री टाकावी लागायची, मार्चमधल्या अवकाळीत खोकी भिजायची. उन्हाळ्यात छप्पर उतरवलं तेव्हा पत्रे हातात घेऊन पाहिले. मधल्या भागात कुठेही गंजून आरपार गेलेलं नव्हतं. गंजाचे तांबूस वण होते ते फक्त स्क्रूच्या भोकांभोवती. प्रत्येक भोकापासून उताराच्या दिशेने खाली लांबट डाग उतरलेला.

काढलेले स्क्रू एका तगारीत टाकले होते. त्यातले वॉशर एकेक करून पाहिले. वरची धातूची चकती ठीक होती, पण खालचं काळं रबर कडक झालेलं, नखाने दाबलं तर दबत नव्हतं, काहींना तर आरपार चीर पडलेली. काही स्क्रूंना रबरच उरलं नव्हतं. आणि सगळे स्क्रू पन्हळीत, म्हणजे पत्र्याच्या खोलगट भागात मारलेले. पाऊस पडला की छपरावरचं सगळं पाणी याच पन्हळीतून वाहतं. म्हणजे शेकडो भोकं थेट पाण्याच्या वाटेवर, आणि त्यांचा सगळा भरवसा दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या रबरावर. रबर मेलं की पाण्याला अडवणारं तिथे काहीच नाही.

नवीन पत्रे टाकायचं ठरलं तेव्हा मिस्त्रींशी पहिली चर्चा याच मुद्द्यावर झाली. स्क्रू पन्हळीत मारायचा की माथ्यावर? मिस्त्री अनुभवी माणूस, त्यांनी त्यांची बाजू नीट मांडली. "साहेब, पन्हळीत पत्रा खालच्या आडव्या पाइपला, पर्लिनला टेकलेला असतो. स्क्रू आवळला की दोन्ही एकजीव होतात. माथ्याखाली पोकळी असते. जरा जास्त आवळलं की माथा बसतो, पत्रा चेपतो. आणि स्क्रूही लांब लागतो, महाग पडतो."

यातलं काहीही खोटं नाही. पन्हळीत मारलेला स्क्रू जास्त भक्कम बसतो आणि कमी कौशल्यातही नीट बसतो. अमेरिकेत पत्र्याच्या इमारतींवर पन्हळीत स्क्रू मारायची पद्धत रुळलेली आहे, तर ऑस्ट्रेलियात छपराला माथ्यावर आणि भिंतीला पन्हळीत. म्हणजे एकच पद्धत बरोबर आणि दुसरी चूक, असा हा प्रश्न नाही. वॉशर उत्तम असेल, उतार चांगला असेल, तर पन्हळीतला स्क्रूही वर्षानुवर्षं गळत नाही. पण आमचा उतार कमी होता. वीस फुटांत साधारण दोन फूट, म्हणजे दहाला एक. एवढ्या उतारावर जोराच्या सरीत पाणी पन्हळीतून पातळ थराने जात नाही, साचून सावकाश सरकतं. माथ्यावर भोक असेल तर वॉशर थोडं कमी-जास्त बसलं तरी त्याच्याशी येणारं पाणी फक्त थेट पडणारं असतं आणि तेही दोन्ही बाजूंनी लगेच ओघळून जातं. म्हणून आम्ही माथा पक्का केला. मिस्त्री म्हणाले, "मग मशीन मी सांगेन तसंच चालवायचं." ते मान्य होतं.

माथ्यावर मारायचा म्हणजे स्क्रूची लांबी नव्याने काढावी लागली. जुने स्क्रू 25 मिलिमीटरचे होते. पन्हळीत तेवढे पुरतात, कारण पत्रा आणि पाइप एकमेकांना चिकटलेले असतात. आमच्या नवीन पत्र्याच्या माथ्याची उंची 28 मिलिमीटर. पर्लिनच्या चौकोनी पाइपची जाडी 2 मिलिमीटर. पाइपच्या खाली किमान तीन आटे बाहेर यायला हवेत, त्याचे पाच-सहा मिलिमीटर. स्क्रूच्या पुढच्या ड्रिलसारख्या टोकाला आटे नसतात, ते पकड देत नाही, त्याचे साधारण आठ. वर वॉशरच्या जाडीचे तीन. बेरीज 46-47 होते. बाजारात त्याच्या पुढची सहज मिळणारी लांबी 55, ती घेतली. जाडी 5.5 मिलिमीटर, डोकं षटकोनी, त्याला 8 मिलिमीटरचं चुंबकाचं सॉकेट लागतं.

टोकाबद्दलही दुकानात विचारून घ्यावं लागतं. ड्रिलचं टोक पोलादातून पूर्ण बाहेर पडल्यानंतरच आट्यांनी पकड घ्यायची असते. पोलाद जाड आणि टोक आखूड असेल तर आटे आधीच पकडतात, स्क्रू पुढे ओढला जातो, पण भोक मात्र अजून पूर्ण झालेलं नसतं. मग स्क्रू तुटतो नाहीतर टोक जळतं. आमच्या 2 मिलिमीटरच्या पाइपला नेहमीचं तीन नंबरचं टोक पुरेसं होतं. जाड अँगल किंवा चॅनेलवर पत्रे टाकणाऱ्यांनी हे आधी पाहावं.

वॉशर निवडताना मात्र मी दुकानात वेळ घालवला, आणि तो घालवायलाच हवा. नाशिकमधल्या हार्डवेअरच्या दुकानात स्क्रू विचारला की समोर येतं ते बऱ्याचदा काळी रबरी चकती आणि वर धातूची सुटी चकती, अशी जोडी. हे सुटं रबर स्क्रू फिरताना त्याच्यासोबत फिरतं, वळतं आणि एका बाजूला सरकतं. आम्हाला हवं होतं ते ईपीडीएम रबर, धातूच्या चकतीला कारखान्यातच पक्कं चिकटवलेलं. ईपीडीएम उन्हाला आणि ओझोनला साध्या रबरापेक्षा आणि पीव्हीसीपेक्षा कितीतरी जास्त टिकतं. आपल्याकडे मे महिन्यात पत्रा हात लावू देत नाही इतका तापतो आणि डिसेंबरच्या पहाटे थंडगार होतो. साधं रबर हे फार वर्षं सोसत नाही. दुकानात मी दोन गोष्टी केल्या. नखाने रबराची कड धातूपासून सोडवून पाहिली. चिकटवलेलं सहज सुटत नाही. मग नखाने रबर दाबून सोडलं. चांगलं रबर दबतं आणि लगेच फुगून पूर्ववत होतं. एवढ्याने ते ईपीडीएमच आहे हे सिद्ध होत नाही, पण वाईट माल तिथल्या तिथे बाजूला पडतो. बाकी खात्री पाकिटावर काय छापलंय आणि बिलावर काय लिहिलंय, यावरून करायची. मी बिलावर तसं लिहून घेतलं.

किती स्क्रू लागतील हेही आधी मांडलं. शेड तीस फूट रुंद आणि उतारावर वीस फूट. पत्रा कारखान्यातून एका लांबीत कापून आणला, 21 फुटी, म्हणजे उतारावर कुठेच आडवा जोड नाही. कमी उताराच्या छपरात आडवा जोड हे गळतीचं दुसरं मोठं ठिकाण, ते टाळता येत असेल तर टाळावंच. रुंदीत पत्रा जोड वगळून एक मीटर झाकतो, म्हणून दहा पत्रे. पर्लिन सहा, दर चार फुटांवर. खालच्या आणि वरच्या टोकाच्या पर्लिनवर प्रत्येक माथ्याला स्क्रू, कारण वादळात पत्रा उचलला जातो तो कडेपासून. वळवाच्या वाऱ्यात उडालेली छपरं पाहिलीत तर सुरुवात नेहमी कोपऱ्यातून झालेली दिसते. मधल्या चार पर्लिनवर जोडाच्या माथ्यावर एक आणि उरलेल्या चार माथ्यांपैकी दोन. म्हणजे एका पत्र्याला कडेचे दहा आणि मधले बारा. एकूण सव्वादोनशेच्या घरात. शिवाय दोन पत्र्यांच्या उभ्या जोडावर, दोन पर्लिनच्या मधोमध, पत्र्याला पत्रा शिवणारे आखूड स्क्रू, साधारण पन्नास. पर्लिनवर पत्रा घट्ट असतो, पण मध्ये जोड उघडा राहिला की वारा पाणी आत ढकलतो. हे शिवणीचे स्क्रू लोक पैसे वाचवायला गाळतात. वाचतात अगदी थोडे पैसे.

चढण्याआधी मिस्त्रींनी खाली, जमिनीवर, उरलेल्या पाइपच्या तुकड्यावर पत्र्याचा तुकडा ठेवून स्क्रू मारायला लावले. मला ही पायरी सगळ्यात उपयोगाची वाटली. मशीनचा क्लच कुठल्या आकड्यावर ठेवायचा हे तिथेच ठरलं. क्लच असलेलं स्क्रूचं मशीन हवं. ठोके मारणारं इम्पॅक्ट मशीन इथे नको, कारण ते डोकं टेकल्यावरही ठोकतच राहतं आणि वॉशर चेपून टाकतं. वेगही मर्यादेत हवा. आमचं मशीन मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आसपास चालवलं. फार वेगात टोक तापून बोथट होतं आणि मग नुसतं घासत बसतं.

आवळण्याची खूण डोळ्यांनी ओळखायची असते. वॉशरची धातूची चकती सपाट, आणि तिच्या कडेखालून रबराची एक बारीक काळी रेघ चहूबाजूंनी सारखी दिसते, तेव्हा थांबायचं. बोटाने वॉशर फिरवून पाहिलं तर फिरत नाही. फिरलं तर ढिलं आहे, पाणी आणि वारा दोन्हींना वाट आहे. याउलट रबर चकतीबाहेर भज्यासारखं फुगून आलं, चकती बशीसारखी आत वळली किंवा पत्र्याचा माथा दबून खळगा झाला, तर जास्त आवळलं गेलं. जास्त आवळलेला स्क्रू पहिल्या पावसात गळत नाही, म्हणूनच तो फसवतो. बाहेर आलेलं रबर उन्हात उघडं पडतं आणि लवकर तडकतं. दबलेल्या माथ्याच्या खळग्यात पाणी साचतं आणि वॉशर त्या डबक्यातच बसून राहतं. वर-खाली तापमानात पत्रा हलतो तेव्हा ते पाणी हळूहळू आत ओढलं जातं. ढिला स्क्रू निदान पहिल्याच सरीत दिसतो.

हे हलणं किती, तेही सांगतो. पोलादाची एक मीटर लांबी एका अंशाला 0.012 मिलिमीटर वाढते. आमचा पत्रा 6.4 मीटरचा. हिवाळ्यातली पहाट आणि उन्हाळ्यातली दुपार यांत पत्र्याच्या तापमानात 50 अंशांचा फरक धरला तरी जवळपास 4 मिलिमीटर होतात. पत्रा दरवर्षी एवढा ताणतो आणि आखडतो. स्क्रू वाकडा किंवा कडक बसला असेल तर भोक लांबुळकं होतं. रबर जिवंत असेल तर त्याच्या लवचिकपणात हे हलणं सामावतं.

पत्रे टाकायला सुरुवात पूर्वेच्या टोकापासून केली. आपल्याकडे पावसाचा वारा पश्चिम-नैर्ऋत्येकडून, त्र्यंबकच्या बाजूने येतो. पूर्वेकडून सुरू करून पश्चिमेकडे गेलं की प्रत्येक नवा पत्रा आधीच्या पत्र्यावर चढतो आणि जोडाची उघडी कड पूर्वेला, वाऱ्याच्या पाठीमागे राहते. उलट केलं तर वारा थेट जोडाच्या तोंडात पाणी भरतो. पहिला पत्रा गुण्यात बसला आहे की नाही हे तीन-चार-पाचच्या मापाने तपासलं. पहिला तिरपा गेला की दहाव्यापर्यंत पोहोचता पोहोचता खालची कड पायऱ्या-पायऱ्यांची होते आणि जोडाचे माथे एकमेकांवर नीट बसत नाहीत.

मग लाईनदोरी. प्रत्येक पर्लिनच्या मध्यावर रंगाची दोरी ताणून पत्र्यावर रेघ मारली. पत्रा टाकल्यावर पर्लिन वरून दिसत नाही, आणि अंदाजाने मारलेल्या ओळीत काही स्क्रू हमखास हुकतात. पर्लिन 50 मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे मध्यापासून दोन्हीकडे 25. माथ्यावर मारताना एक अडचण वाढते. पत्रा आणि पाइप यांत 28 मिलिमीटरची पोकळी आहे, त्यामुळे मशीन दहा अंश जरी कललं तरी स्क्रूचं टोक पाच मिलिमीटर सरकतं. तेवढ्याने स्क्रू हुकणार नाही, पण वॉशर कललेलं बसतं. एका कडेला रबर चेपतं, दुसऱ्या कडेला उघडं राहतं. म्हणून सरळ उभं राहून, कोपर अंगाशी ठेवून, मशीन पत्र्याला काटकोनात धरून मारायचं. उतारावर उभा माणूस नकळत मशीन जमिनीच्या हिशोबाने उभं धरतो. मिस्त्री सारखं ओरडायचे, "जमीन सोडा, पत्रा बघा!"

सुरुवातीला टोक गुळगुळीत माथ्यावरून घसरतं. त्यासाठी मशीन सावकाश सुरू करायचं, टोकाने पत्र्यात खळगा केला की वेग वाढवायचा. पत्रा भेदल्यावर क्षणभर पोकळीत हाताला काही लागत नाही, मग टोक पाइपला भिडतं. तिथे पुन्हा दाब देऊन पाइप भेदेपर्यंत स्थिर राहायचं. पाइप भेदला की आटे पकडतात आणि आवाज एकदम उतरतो. तो आवाज ओळखीचा झाला की काम सोपं होतं. स्क्रू नुसता गरगर फिरतोय, खाली काही पकडत नाही, तर तो पर्लिनवर बसलेला नाही. असा हुकलेला स्क्रू तसाच ठेवून पुढे जाणं म्हणजे पत्र्यात एक उघडं भोक ठेवणं. आमच्याकडे जे एक-दोन हुकले ते लगेच काढले. तिथे जाड 6.3 मिलिमीटरचा आखूड स्क्रू मोठ्या वॉशरसह मारला, खाली ब्यूटाइल रबराची चिकट पट्टी दिली, आणि बाजूला योग्य जागी नवा स्क्रू बसवला. सिलिकॉन वापरायचं असेल तर व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं नको. त्यातलं आम्ल जस्ताचा मुलामा खातं. न्यूट्रल लिहिलेलं घ्यावं. तरीही स्क्रूच्या डोक्यावर सिलिकॉनचा गोळा थापणं हा उपाय नव्हेच. उन्हात तो गोळा एका कडेने सुटतो आणि त्याच्या आड पाणी अडकून राहतं.

चालताना पाय पन्हळीत आणि शक्यतो पर्लिनच्या रेषेवर ठेवायचा. माथ्यावर पाय पडला की तो दबतो आणि त्याच्यावरच्या स्क्रूचं वॉशर ढिलं होतं. आमच्या मिस्त्रींचा कंबरेचा पट्टा आणि वरच्या कैचीला बांधलेला दोर, हे दोन्ही पहिल्या पत्र्यापासूनच होते. शेडची उंची चौदा फूट होती, पट्ट्याशिवाय त्यांनी कुणालाही चढू दिलं नाही.

संध्याकाळी उतरण्याआधी छपरावरून नरम झाडूने सगळं झाडून काढलं. स्क्रू मारताना लोखंडाचा बारीक कीस उडून पत्र्यावर पडतो. एका रात्रीच्या दवानेही तो गंजतो आणि रंगीत पत्र्यावर डाग बसतात. त्यातले काही कण वॉशरखाली शिरले असतील तर रबर नीट टेकत नाही. म्हणून पुढचा स्क्रू मारायच्या आधी त्या जागेवरचा कीस फडक्याने पुसणंही तितकंच गरजेचं.

पाण्याची चाचणी पावसाची वाट न पाहता पाइपने केली. ती खालून वर करायची असते. आधी सर्वात खालच्या पर्लिनची ओळ भिजवायची, थोडा वेळ थांबायचं, आत एकाने टॉर्च घेऊन पाहायचं, मगच वरची ओळ. वरून सुरू केलं तर पाणी सगळ्या ओळींवरून वाहतं आणि कुठलं भोक दोषी ते कळत नाही. पाण्याची धार जोडाच्या तोंडात घालायची नाही, सर पडते तसं वरून पाणी पडू द्यायचं. आत थेंब दिसला की त्याच्या थेट वर पाहायचं नाही. पाणी पत्र्याच्या खालच्या अंगाने उतारावर वाहत येतं आणि पर्लिन आडवा आला की तिथे टपकतं. आमच्या तिसऱ्या पर्लिनखाली एक थेंब दिसला, तो आला होता चौथ्या पर्लिनवरच्या जोडाच्या स्क्रूतून. तिथलं वॉशर कललेलं होतं. तो स्क्रू काढून त्याच भोकात 6.3 चा नवा सरळ मारला. जुना पुन्हा मारला असता तर आट्यांनी खाल्लेल्या भोकात त्याने पुरेशी पकड घेतली नसती. भर दुपारी शेडची दारं बंद करून वर पाहिलं तेव्हा कुठूनही उजेडाचा ठिपका दिसत नव्हता. ही दुसरी तपासणी पाच मिनिटांची आहे, पण ती पाण्याच्या चाचणीची जागा घेत नाही.

पावसाळ्यात शेड कोरडं राहिलं. नंतर डिसेंबरमध्ये एका सकाळी शेजारच्या काकांनी हाक मारली, "अरे, तुझा नवा पत्रा गळतोय की!" रात्री पाऊस नव्हता. आत जाऊन पाहिलं तर थेंब स्क्रूजवळ नव्हते, संपूर्ण पत्र्याच्या खालच्या अंगावर सारखे जमलेले होते, आणि पन्हळीच्या तळाला येऊन टपकत होते. ती गळती नव्हती, दहिवर होतं. आदल्या दिवशी आत ठिबकच्या ओल्या नळ्या ठेवल्या होत्या, दारं बंद होती, आतली दमट हवा थंड पत्र्याला लागून पाणी झाली. अशा वेळी स्क्रू आवळायला चढलं तर चांगल्या बसलेल्या वॉशरचं नुकसानच होतं. आम्ही वरच्या कडेच्या भिंतीत दोन जाळ्या बसवल्या आणि ओलं साहित्य आत ठेवणं बंद केलं. त्या हिवाळ्यात थेंब पुन्हा दिसले ते फक्त दाट धुक्याच्या एक-दोन पहाटे, आणि ऊन चढेपर्यंत वाळून गेले.